35 बाय 45: चार-बाय-सहाच्या कागदावर आई-बाबांचे आठ फोटो

दादा जर्मनीत आहे. या वर्षी त्याने आई-बाबांना दीड महिन्यासाठी तिकडे बोलावलं आणि व्हिसाच्या कागदांची जबाबदारी माझ्याकडे आली. बँकेची स्टेटमेंटं, विमा, निमंत्रणपत्र हे सगळं वेळेत झालं. अडलं ते फोटोंवर. 1 जून ते 12 जून 2025 या बारा दिवसांत मी त्या फोटोंसाठी तीनदा दुकानात जाऊन आले. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे. घरी काढलेला फोटो एका शीटवर बसवून दुकानातून छापून घ्यायचा असेल, तर नेमकी मापं कुठे बदलतात हे आधी माहीत असलेलं बरं.

1 जूनला, रविवारी, यादी घेऊन बसले. जर्मनीला जायला लागतो त्या शेंगेन व्हिसाचा फोटो 35 मिलिमीटर रुंद आणि 45 मिलिमीटर उंच हवा, फिकट पार्श्वभूमी हवी, सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. आणखी एक अट असते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर 32 ते 36 मिलिमीटर हवं. म्हणजे फोटोचा साधारण तीन चतुर्थांश भाग चेहऱ्याने व्यापलेला असला पाहिजे.

बाबांकडे पासपोर्ट फोटोंचं एक पाकीट होतं. पेन्शनच्या कामासाठी फेब्रुवारीत स्टुडिओत काढले होते, त्यामुळे जुने नव्हते. "आहेत की फोटो, कशाला नवीन," असं म्हणत त्यांनी पाकीट पुढे केलं. मी पट्टी लावली. रुंदी 32, उंची 41, आणि चेहरा जेमतेम 25 मिलिमीटर. बँकेला, पेन्शनला, सोसायटीला हे फोटो चालतात. आपल्याकडे "पासपोर्ट साइज" हा शब्द बराच सैल वापरला जातो, दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी कुणी मोजत नाही. इथे मोजणार होते. पुण्याच्या अर्ज केंद्रावरची वेळ 19 जूनची मिळाली होती, हातात अठरा दिवस होते.

पुन्हा स्टुडिओत न्यायचं तर बाबांचे गुडघे. तो स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. फेब्रुवारीत वर चढताना ते मध्ये दोनदा थांबले होते, ते मला आठवत होतं. तेव्हा फोटो घरी काढायचा आणि दुकानातून फक्त छापून घ्यायचा असं ठरवलं.

7 जूनला, शनिवारी, सकाळी नऊला हॉलच्या खिडकीसमोर दोघांना आळीपाळीने बसवलं. मागे फिकट राखाडी चादर, तीही इस्त्री करून, कारण चुण्यांच्या सावल्या फोटोत येतात. खुर्ची चादरीपासून दोन फूट पुढे ओढली. फोनचा मागचा कॅमेरा वापरला, पावणेदोन मीटर अंतरावरून, झूम दुप्पट ठेवून. जवळून काढला की नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. चेहरा गुळगुळीत करणारा पर्याय आणि मागचं धूसर करणारा पर्याय दोन्ही बंद. आईने लग्नातली मोरपंखी साडी नेसली होती, तिचा पदर खांद्यापर्यंतच दिसणार हे सांगितल्यावरही तिने ती बदलली नाही. बाबांचा चष्मा काढून ठेवला, म्हणजे काचेवरच्या चकाकीचा प्रश्नच उरला नाही. प्रत्येकाचे वीसेक फोटो काढले, त्यातला एकेक निवडला.

रविवारी दुपारी लॅपटॉप उघडला. आधी कागद ठरवायचा होता. फोटो छापणाऱ्या दुकानात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सहज मिळतो तो चार बाय सहा इंचाचा कागद. इंचांचे मिलिमीटर केले की तो 101.6 बाय 152.4 होतो. हा कागद उभा धरला तर रुंदीत 35 चे दोनच फोटो बसतात आणि उंचीत 45 चे तीन, म्हणजे सहा. तोच कागद आडवा केला तर एका रांगेत चार आणि अशा दोन रांगा, म्हणजे आठ. वरच्या रांगेत आईचे चार, खालच्या रांगेत बाबांचे चार. पुण्याला दोघांचे दोन-दोन न्यायचे होते, बाकीचे जवळ राहिले असते. एका प्रिंटमध्ये दोघांचं काम.

आता मिलिमीटरचे पिक्सेल. छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरतात. चार बाय सहाचा आडवा कागद म्हणजे 1800 बाय 1200 पिक्सेल. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, म्हणून 35 ला 25.4 ने भागून 300 ने गुणलं की 413 येतात, आणि 45 चे 531. माझ्या प्रत्येक फोटोचं माप मग 413 बाय 531.

पण नुसता आख्खा फोटो 413 बाय 531 मध्ये कोंबून चालणार नव्हतं. चेहऱ्याची अट पाळायची तर कापणी चेहऱ्यावरून ठरवावी लागते. 32 ते 36 च्या मधलं 34 हे माप मी धरलं, दोन्हीकडे थोडी सूट राहावी म्हणून. गिम्प या फोटो संपादनाच्या प्रोग्राममध्ये आईचा मूळ फोटो उघडला आणि मोजपट्टीच्या साधनाने हनुवटीच्या टोकापासून माथ्यापर्यंत मोजलं. केसांचा फुगवटा धरायचा नाही, कवटीचा माथा अंदाजाने घ्यायचा. 1240 पिक्सेल आले. हे 1240 पिक्सेल म्हणजे 34 मिलिमीटर व्हायला हवेत, तर पूर्ण 45 मिलिमीटरसाठी किती? 1240 गुणिले 45 भागिले 34, म्हणजे 1641. ही कापणीची उंची झाली. रुंदी त्याच्या सात-नवमांश, 1276. कापणीच्या साधनात हे दोन आकडे टाइप केले की चौकट पक्की होते, मग ती फक्त सरकवायची. माथ्याच्या वर सुमारे 150 पिक्सेल सोडले, ते छापल्यावर चार मिलिमीटर होतात, आणि नाकाची रेघ चौकटीच्या मध्यावर आणली. कापून झाल्यावर `Image > Scale Image` मध्ये 413 बाय 531 केलं. बाबांच्या फोटोसाठी हाच हिशेब पुन्हा, त्यांचा आकडा वेगळा आला कारण ते कॅमेऱ्याच्या थोडे जवळ बसले होते. दोन्ही फोटो `aai.png` आणि `baba.png` नावाने ठेवले. जेपेग प्रत्येक वेळी सेव्ह करताना थोडा थोडा बिघडतो, म्हणून मधल्या पायऱ्यांना पीएनजी.

पांढऱ्या कोऱ्या शीटवर हे आठ फोटो त्या दिवशी मी माउसने ओढून बसवले. संध्याकाळ झाली होती. पडद्यावर शीट छान दिसत होती.

9 जूनला, सोमवारी, कॉलेजमधून येताना आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. फाइल चॅटवरून त्यांना पाठवली, त्यांनी त्यांच्या इंकजेट प्रिंटरवर फोटोपेपरला छापून दिली. तीस रुपये. घरी येऊन पट्टी लावली तर फोटो 33 बाय 42. मी पुन्हा मोजलं, मग बाबांना मोजायला दिलं. त्यांनीही तेच सांगितलं. शिवाय चेहरे किंचित मऊ दिसत होते, भुवयांचे केस एकमेकांत मिसळल्यासारखे.

मऊपणाचं कारण त्याच रात्री सापडलं. चॅटमध्ये "फोटो" म्हणून पाठवलेली फाइल वाटेतच लहान केली जाते. दुकानात पोचलेली प्रत मी माझ्याच दुसऱ्या फोनवर पाठवून तपासली, तर 1800 ची रुंदी 1600 झाली होती. शिवाय फाइलमध्ये लिहिलेली "इंचाला 300" ही नोंदही पुसली गेली होती. तीच फाइल "डॉक्युमेंट" म्हणून जोडली तर जशीच्या तशी जाते. पण माप का कमी झालं? त्याचा मऊपणाशी संबंध नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं, पाठवण्यातच सगळा घोटाळा झाला.

म्हणून 10 जूनला पेनड्राइव्ह घेऊन गावातल्या मोठ्या फोटो लॅबमध्ये गेले. तिथे गर्दी होती, लग्नाच्या अल्बमची कामं चालली होती. "चार तासांनी या," म्हणाले. 15 रुपये. संध्याकाळी सातला प्रिंट मिळाली, चेहरे अगदी स्पष्ट. तिथेच काउंटरवर पट्टी लावली. 36 बाय 46 च्या किंचित वर. आईचा चेहरा थोडा लालसरही आला होता.

तीच फाइल. काल 33, आज 36.

त्या संध्याकाळी मी खरंच खचले होते. नऊ दिवस राहिले होते आणि माझ्या हिशेबात चूक सापडत नव्हती. दादाला फोन केला. तो म्हणाला, "हिशेब बरोबर असेल तर प्रिंटर बदलतोय. तू फोटो मोजू नकोस, प्रिंटर मोज." आधी ते मला नीट समजलं नाही. मग दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून बघत बसले आणि उलगडलं.

झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रिंटला चारही बाजूंनी सुमारे तीन मिलिमीटरची कोरी पट्टी सुटली होती. तो प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापत नव्हता, म्हणून त्याने माझी आख्खी शीट आक्रसून आतल्या जागेत बसवली होती. कागदाची 101.6 ची बाजू त्याला 95.6 चीच उरली, म्हणजे सगळं 94 टक्क्यांवर आलं. 35 चे 33, 45 चे 42. लॅबमध्ये याच्या उलट. तिथे पांढरी कड नको म्हणून यंत्र चित्र कागदापेक्षा जरा मोठं करतं आणि बाहेर गेलेला भाग कापला जातो. कागद आत जाताना अर्धा-एक मिलिमीटर सरकला तरी कडेला पांढरी चीर दिसू नये, यासाठी ही सोय असते. सहलीच्या फोटोला त्याने काही फरक पडत नाही. मापाच्या फोटोला पडतो. दोन्ही दुकानांनी आपापल्या परीने बरोबरच केलं होतं. मी त्यांना माप पाळा असं सांगितलंच नव्हतं, आणि माझ्या शीटवरही माप पाळलं गेलं की नाही हे सांगणारं काही नव्हतं.

म्हणून 11 तारखेला शीट पुन्हा बनवली, या वेळी तिच्यात एक मापाची रेघ घालून. दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या जागेत बरोबर 100 मिलिमीटर लांबीची काळी रेघ, म्हणजे 1181 पिक्सेल. शंभर यासाठी, की छापल्यावर पट्टीवर जो आकडा येईल तीच टक्केवारी. 94 आला तर 94 टक्के, 103 आला तर 103. आणि लांब रेघ मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी हिशेबात अर्धा टक्काच फरक पडतो; 35 च्या फोटोवर तेवढीच चूक झाली तर दीड टक्का होतो. रेघ कडेला ठेवायची नाही, कारण कड कापली जाते. मधोमध सुरक्षित.

दुसरा बदल शीटच्या रंगाचा. पांढऱ्या कागदावर फिकट पार्श्वभूमीचा फोटो ठेवला की फोटो कुठे संपतो आणि कागद कुठे सुरू होतो ते कळत नाही. सोमवारची प्रिंट कापताना मला हाच त्रास झाला होता, आईच्या डोक्यावरची कड शोधत कात्री धरून बसले होते. फोटोभोवती काळी चौकट काढली तर ती कापल्यावर बाजूला उरते. म्हणून सगळी शीटच फिकट निळी केली. निळा संपला की फोटो सुरू.

माउसने ओढलेल्या फोटोंमधली अंतरंही कमीजास्त झाली होती, म्हणून या वेळी जागा मोजून ठरवल्या. रुंदीत चार फोटोंचे 1652 पिक्सेल होतात, 148 उरतात; त्यातले मधल्या तीन फटींना 24-24 दिले, मग दोन्ही कडांना 38-38 राहिले. उंचीत 138 उरतात, त्याचे 46 चे तीन सारखे भाग. आमच्या ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांच्या स्कॅनसाठी इमेजमॅजिक हा आज्ञा लिहून चित्रांवर काम करायचा प्रोग्राम वापरतो, तो माझ्या लॅपटॉपवर होताच. त्यात एवढी आज्ञा पुरते:

```
magick -size 1800x1200 xc:lightblue \
  aai.png -geometry +38+46 -composite \
  aai.png -geometry +475+46 -composite \
  aai.png -geometry +912+46 -composite \
  aai.png -geometry +1349+46 -composite \
  baba.png -geometry +38+623 -composite \
  baba.png -geometry +475+623 -composite \
  baba.png -geometry +912+623 -composite \
  baba.png -geometry +1349+623 -composite \
  -fill black -draw "rectangle 310,598 1490,601" \
  sheet.png
```

अधिक चिन्हानंतरचे दोन आकडे म्हणजे फोटोचा वरचा डावा कोपरा शीटच्या डाव्या कडेपासून आणि वरच्या कडेपासून किती पिक्सेलवर आहे ते. शेवटून दुसऱ्या ओळीतला आयत ही मापाची रेघ. विंडोजवर ओळीच्या शेवटच्या तिरक्या रेघा काढून सगळं एकाच ओळीत लिहावं लागतं. गिम्पमध्येही हे करता येतं: 1800 बाय 1200 ची नवी शीट घ्यायची, रिझोल्यूशन 300 टाकायचं आणि फोटो चिकटवून याच आकड्यांवर नेऊन ठेवायचे. वेळ जास्त जातो, निकाल तोच.

आता दुरुस्ती. मंगळवारची लॅबची प्रिंट जवळ होती, पण तिच्यावर रेघ नव्हती. उंची 46 च्या किंचित वर आली होती, त्यावरून वाढ तीन टक्क्यांच्या आसपास असावी, एवढाच अंदाज होता. अंदाजावर शीट आक्रसण्याऐवजी आधी रेघेची शीट जशी आहे तशी छापून घ्यावी आणि खरा आकडा काढावा असं ठरवलं. पंधरा रुपयांचा खर्च होता, पण त्याने कोडं सुटणार होतं. मात्र दुकानात दुसऱ्यांदा हेलपाटा नको म्हणून लॅपटॉप सोबत घेतला.

12 जूनला, गुरुवारी, सकाळी साडेदहाला लॅब उघडताच पोचले. गर्दी व्हायच्या आत. काउंटरवरच्या मुलाला सरळ सांगितलं, "हे व्हिसाचे फोटो आहेत, माप अचूक हवं. यात शंभर मिलिमीटरची रेघ आहे, छापून झाल्यावर आपण ती मोजू." मला वाटलं होतं तो वैतागेल. उलट त्याने खुर्ची पुढे दिली आणि म्हणाला, "ताई, असं कुणी मोजून आणत नाही हो. मग परत येतात आणि म्हणतात, तिकडे चालला नाही."

त्याच्या पडद्यावर कागदाच्या मापाखाली दोन पर्याय होते, फिट आणि फिल. फिलमध्ये कागद पूर्ण भरतो आणि कडा कापल्या जातात. फिटमध्ये चित्र पूर्ण येतं पण पांढरी कड राहते, म्हणजे परत सोमवारसारखं आक्रसणार. "मोठं न करता, लहान न करता, जेवढ्यास तेवढं" असा पर्याय त्याच्या यंत्रावर चार बाय सहासाठी नव्हता. मी त्याला फिलच ठेवायला सांगितलं, कारण त्यात किती वाढ होते ते दर वेळी सारखं असतं, असं तो म्हणाला. दुसरी गोष्ट मागितली ती रंगांची आपोआप होणारी सुधारणा बंद करायची. आईचा चेहरा लालसर आला होता तो तिच्यामुळेच. त्याने त्या पर्यायासमोरची खूण काढून टाकली.

दहा मिनिटांत प्रिंट आली. स्टीलची पट्टी रेघेवर ठेवली. 103. तोही वाकून बघत होता. फोटो 36 आणि 46 वर थोडं, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखीच वाढ.

मग हिशेब सोपा. यंत्र 103 करणार असेल तर आपण आधीच शंभर भागिले 103, म्हणजे 97.1 टक्के करून द्यायचं. आख्खी शीट तेवढी लहान करायची आणि भोवती उरलेली जागा त्याच निळ्याने भरून कागद पुन्हा 1800 बाय 1200 चा ठेवायचा. हे बाहेरचं माप बदललं तर यंत्र पुन्हा आपल्या मनाने ताणतं. काउंटरवर लॅपटॉप ठेवून एवढं केलं:

```
magick sheet.png -resize 97.1% \
  -background lightblue -gravity center -extent 1800x1200 \
  -units PixelsPerInch -density 300 -quality 95 sheet-lab.jpg
```

दुकानाला जेपेगच द्यायची, सगळ्या यंत्रांवर उघडते. पेनड्राइव्हवरून दिली, तेच पर्याय, परत दहा मिनिटं. या वेळी रेघ 100. फोटोची रुंदी 35, उंची 45, आईचा चेहरा 34. बाबांचा 34 पेक्षा किंचित कमी. त्या मुलाने पट्टी माझ्याकडून घेऊन स्वतः एकदा मोजलं आणि मग म्हणाला, "बरोबर." मला त्या शब्दाने जे बरं वाटलं ते सांगता येत नाही. तशीच आणखी एक प्रत काढून घेतली.

तो लगेच प्रिंट कापायच्या यंत्राकडे न्यायला लागला, तेव्हा मी थांबवलं. बऱ्याच दुकानांत पासपोर्ट फोटो कापायला दाबून कापणारा पंच असतो. त्याचं पातं ठरावीक मापाचं असतं आणि ते माप आपल्या मापाचंच असेल असं नाही. इथला पंच कोपरे गोल करणाराही होता. प्रिंट न कापता द्या, एवढं दोन शब्दांत सांगितलं की झालं.

कापणी घरी केली. काचेच्या तुकड्यावर प्रिंट ठेवून, स्टीलची पट्टी फोटोच्या कडेवर दाबून धरून, नव्या पात्याच्या कटरने. कात्रीने सरळ कापलं जात नाही. पट्टी फोटोवर ठेवायची आणि कटर निळ्याच्या बाजूला चालवायचा, म्हणजे हात घसरला तर निळा कापला जातो, फोटो वाचतो. निळी रेघ राहिली तर केसाएवढं आत पुन्हा एकदा कापायचं. प्रत्येक कडेला कटर एकदा जोराने न ओढता दोनदा हलक्या हाताने ओढला. पहिला फोटो बाबांचा कापला, तो 34 च्या किंचित वर झाला, तो बाजूला काढला. त्यानंतरचे सगळे नीट आले. कटरने अर्धा मिलिमीटर जातो हे गृहीतच धरावं आणि एक शीट जास्त काढून घ्यावी.

खर्च सांगायचा तर झेरॉक्सवाल्याचे 30, लॅबच्या चार प्रिंटचे प्रत्येकी 15 प्रमाणे 60, कटरचं पातं 20. एकूण 110 रुपये. रेघ आधीच घातली असती तर पहिल्या दोन फेऱ्यांचे 45 वाचले असते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीन दिवस वाचले असते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. 97.1 हा आकडा त्या लॅबच्या त्या यंत्राचा आणि त्या कागदाचा आहे. तुमच्या दुकानात रेघ 102 येईल किंवा 101.5 येईल. गल्लीतल्या इंकजेटवर 94 आली असती, तिथे शीट उलट मोठी करावी लागली असती, आणि मोठी केली की कडेचे फोटो कागदाबाहेर जातात. कड सोडणाऱ्या प्रिंटरवर आठचा नाद सोडून मधोमध सहाच फोटो ठेवावेत, किंवा ए-फोर फोटोपेपरवर पीडीएफ करून 100 टक्के मापाला छापायला सांगावं. रेघ तिथेही हवीच, कारण छापायच्या चौकटीत "कागदात बसवा" हा पर्याय बहुधा आधीपासून निवडलेला असतो.

19 जूनला सकाळी पावणेअकराला पुण्यात होतो. काउंटरवरच्या बाईंनी आईचा फोटो घेऊन एका पारदर्शक पट्टीखाली धरला. त्या पट्टीवर चेहऱ्यासाठी दोन आडव्या रेघा आखलेल्या होत्या. हनुवटी खालच्या रेघेला लागली, माथा वरच्या रेघेच्या जरा खाली राहिला. मग बाबांचा. मग त्यांनी दोन्ही फोटो अर्जांना चिकटवले आणि विम्याचा कागद मागितला. आईने हळूच माझा हात दाबला. परत येताना बसमध्ये बाबा उरलेले फोटो पाकिटात भरत होते. फेब्रुवारीचे जुने फोटो त्यांनी काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "हे पेन्शनला राहू देत. तिकडच्या कामाला हेच." पाकिटावर त्यांनी पेनने लिहून ठेवलं आहे: 35 × 45, जून 2025.